लोगो कापायचा कशाने?

फोटोशॉपमध्ये बॅकग्राउंड काढण्यासाठी तीन टूल सर्रास वापरली जातात : पेन टूल, क्विक सिलेक्शन आणि एआयवर चालणारे सिलेक्ट सब्जेक्ट. लोगोची कडा काटेकोर असते आणि तिथे चूक लगेच दिसते.

उदाहरणार्थ, पिवळट पाकिटावर छापलेला, स्कॅन केलेला एक लोगो घेऊ. निळे गोल कडे आणि त्याच्या मधोमध निळा ‘प’. तो लाल फ्लेक्सवर बसवायचा आहे, म्हणजे कड्याच्या आतला आणि ‘प’च्या पोटातला कागदही निघायला हवा.

सिलेक्ट सब्जेक्ट चित्रातली ठळक वस्तू ओळखते. इथे ते बहुधा अख्खी चकती उचलते आणि आतला कागद तसाच ठेवते. लोगो छापलेला कप कापायचा असेल तर ते सोयीचे, कारण तिथे कप हवा असतो.

क्विक सिलेक्शन रंग आणि पोत यांतला फरक पाहून पसरत जाते. निळा रंग ते पटकन पकडते, ‘प’च्या पोटातला कागद ऑल्ट दाबून वगळताही येतो. पण त्याची सीमा पिक्सेलांवर ठरते. शिरोरेखेचे टोकदार कोपरे गोलसर होतात आणि सरळ रेघ किंचित लहरते. शिवाय स्कॅनमध्ये कडेचे पिक्सेल निळा आणि पिवळा यांच्या मिश्रणाचे असतात. ते निवडीत आले की लाल फ्लेक्सवर लोगोभोवती फिकट किनार उमटते. पांढऱ्या पडद्यावर ती चटकन दिसत नाही. म्हणून निवडीखाली गडद रंगाचा लेयर टाकून २०० टक्क्यांवर पाहावे.

पेन टूल चित्रातल्या रंगांकडे पाहतच नाही. कडा कुठे हे कापणारा ठरवतो. कोपऱ्यावर नुसते क्लिक, वळणावर क्लिक करून ओढणे, आणि बिंदू जितके कमी तितकी रेघ सफाईदार. कड्यासाठी पेनही नको. एलिप्स टूल Path मोडवर ठेवून दोन वर्तुळे काढली की झाले. ‘प’ मात्र पेनने, रेघ निळ्याच्या किंचित आतून नेत काढावा. आतले वर्तुळ आणि ‘प’चे पोट Exclude Overlapping Shapes ने पोकळ होते. मग पाथ निवडलेला ठेवून Solid Color लेयर घेतला, की स्कॅनमधले डागाळलेले पिक्सेल बाजूला पडतात आणि सपाट निळ्या रंगाचा लोगो मिळतो. तो कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाही.

वेळ अर्थातच जास्त जातो. लोगो व्हॉट्सॲपवर छोट्या आकारात एकदाच जाणार असेल, तर क्विक सिलेक्शन पुरे. छपाईसाठी किंवा वारंवार वापरासाठी पेनच घ्यावे. पण त्याआधी मूळ कोरलड्रॉ किंवा पीडीएफ फाइल मागून पाहावी. त्यात लोगो व्हेक्टर स्वरूपात असला तर कापण्याची गरजच उरत नाही.