बारा जीबीत बत्तीसची बॅच

गूगलने २०१८ साली ‘बर्ट’ हे भाषेचं मॉडेल खुलं केलं, तेव्हा सोबत एक तक्ताही दिला. १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर ५१२ टोकनांचे किती मजकूर एका वेळी मावतात? बर्टच्या लहान आवृत्तीसाठी उत्तर होतं, ६. आपल्या कामासाठी मॉडेल शिकवताना बॅच मात्र १६ किंवा ३२ची घ्यावी, अशी शिफारस होती.

मेमरी जाते कुठे? या मॉडेलमध्ये सुमारे ११ कोटी आकडे आहेत, प्रत्येकी ४ बाइटचे. ते आकडे, प्रत्येक आकडा कुठे सरकवायचा हे सांगणारे ग्रेडियंट आणि ‘अ‍ॅडम’ पद्धत ठेवते त्या दोन नोंदी, असं सगळं मिळून पावणेदोन जीबी होतात. उरलेली बहुतेक जागा मधल्या थरांची उत्तरं अडवतात. ग्रेडियंट निघेपर्यंत ती टाकून देता येत नाहीत आणि बॅच वाढली की तीही तितक्याच पटीने वाढतात.

मिक्स्ड प्रिसिजनमध्ये ही मधली उत्तरं बरीचशी २ बाइटांत ठेवतात. मूळ आकडे मात्र ४ बाइटांतच राहतात, कारण त्यांत होणारे बदल इतके बारीक असतात की २ बाइटांत ते नोंदलेच जाणार नाहीत. म्हणून एकूण मेमरी निम्मी होत नाही.

यात एक धोका आहे. २ बाइटांच्या ‘एफपी१६’मध्ये सुमारे ०.०००००००६ पेक्षा लहान आकडा लिहिता येत नाही. ०.००००००००१ एवढा ग्रेडियंट आला, तर त्याचं थेट शून्य होतं. त्यामुळे उलटं गणित सुरू करण्याआधी चुकीचा आकडा, म्हणजे लॉस, ६५,५३६ने गुणतात. आपला ग्रेडियंट मग ०.००००६५५ होतो आणि टिकतो. मॉडेल बदलण्यापूर्वी तितक्यानेच भागायचं. आकडे फुगून मर्यादेबाहेर गेले, तर ती पायरी सोडून गुणक निम्मा करतात. नव्या कार्डांवरच्या ‘बीएफ१६’ला सहसा हा खटाटोप लागत नाही.

समजा, एवढं करून ८ मजकूर मावले. तरी ३२ला २४ कमीच. इथे ग्रेडियंट साठवण्याची युक्ती कामी येते. ८ मजकूर चालवायचे, ग्रेडियंट काढायचे, पण मॉडेल बदलायचं नाही. पुढच्या आठांचे त्यातच मिळवायचे. असे चार हप्ते झाले की एकदाच बदल करायचा. मेमरी आठांचीच लागते, पण एका बदलामागे चार फेऱ्यांचा वेळ जातो.

प्रत्येक हप्त्याचा लॉस ४ने भागायला विसरलं, तर ग्रेडियंट चौपट होतो. सगळे हप्ते सारखे असतील, तर ४ने भागणं बरोबर ठरतं. पण पुढचा शब्द ओळखायला शिकवताना एका हप्त्यात १,००० शब्द आणि दुसऱ्यात १०० असतील, तर सरासरींची सरासरी काढल्याने छोट्या हप्त्यातल्या प्रत्येक शब्दाला दहापट वजन मिळतं. तेव्हा सगळ्या शब्दांच्या लॉसची बेरीज करून एकूण शब्दांनी भागावं लागतं.

या चुकांनी प्रोग्रॅम बंद पडत नाही. पडताळा साधा आहे. अख्खे मावतील असे ३२ छोटे मजकूर घ्या, मॉडेलमधलं ड्रॉपआउट बंद करा आणि ४ बाइटांतच एकदा सगळे एकत्र, एकदा आठ-आठ करून चालवा. ग्रेडियंट जवळजवळ जुळले पाहिजेत. चौपट निघाले, तर भागाकार राहिलाय.