इंजिन पाहिलं, हे अर्जात कसं लिहावं?

‘इंटर्नशिपमध्ये मी जेट इंजिनची तपासणी केली.’ विमान देखभाल कंपनीकडे अर्ज करणारा एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा पदवीधर असं वाक्य सहज लिहून जातो आणि अर्ज वाचणारा अभियंता नेमका तिथेच अडतो. भारतात विमानाच्या देखभालीचं काम पूर्ण झाल्याची सही परवानाधारक अभियंताच करू शकतो. हा परवाना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. इंजिनिअरिंगची पदवी म्हणजे हा परवाना नव्हे. मग इंटर्नने नेमकं काय केलं? या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा अर्ज उठून दिसतो.

समजा, एका मुलीने बोइंग ७३७ विमानाच्या सीएफएम५६-७बी इंजिनची बोरस्कोप तपासणी जवळून पाहिली आहे. बोरस्कोप म्हणजे टोकाला कॅमेरा आणि दिवा असलेली बारीक, वळवता येणारी नळी. इंजिन थंड झालं की त्याच्या कवचावरच्या ठरावीक छिद्रांची बुचं काढून ती आत घालतात. कॅमेरा एका जागी ठेवून इंजिनचा आतला भाग गिअरबॉक्समार्फत सावकाश फिरवतात आणि एकेक पातं कॅमेऱ्यासमोरून सरकतं. या इंजिनात उच्च दाबाच्या टर्बाइनला ८० पाती असतात. मोजणी कुठून सुरू केली ती खूण पक्की नसेल, तर एखादं पातं सुटतं किंवा दोनदा मोजलं जातं आणि दोष नेमका कोणत्या पात्यावर आहे, हे पुढच्या माणसाला सापडत नाही.

हे काम पाहिलेल्या मुलीने अर्जात असं लिहावं: ‘परवानाधारक अभियंत्यांच्या देखरेखीखाली मी उच्च दाबाच्या टर्बाइनच्या बोरस्कोप तपासणीत मदत केली. पात्यांची मोजणी ठेवणे आणि छायाचित्रांना पात्याचा क्रमांक देणे हे माझं काम होतं. एका पात्याच्या पुढच्या कडेवर भेगेसारखी रेघ दिसली. दिव्याचा कोन बदलून पाहिल्यावर ती पुसट झाली आणि तो काजळीचा डाग असल्याचा निर्णय अभियंत्यांनी दिला. मॅन्युअलमधली मर्यादा कशी शोधतात, हे मी त्यांच्याकडून शिकले.’

या परिच्छेदात मदत कुणाची, काम कुणाचं आणि निर्णय कुणाचा, हे वेगवेगळं दिसतं. रेघेचा तपशील तर फार बोलका आहे. कॅमेऱ्यातून काजळी, चकाकी आणि खरी भेग सुरुवातीला सारखीच भासतात. प्रकाश आणि कोन बदलला की चकाकी जागा सोडते, भेगेची कड मात्र तिथेच राहते. शंका उरली, तर जवळून पुन्हा पाहून लांबी मोजतात. त्यातही कॅमेरा तिरपा असेल, तर माप चुकू शकतं. हा अनुभव पुस्तकातून उचलता येत नाही, म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा यावरच येईल.

मर्यादेबद्दल लिहिताना मात्र जपावं. ‘इतके मिलिमीटर चालतात’ असं एखादं सरसकट माप अर्जात देऊ नये. पात्याच्या मुळाशी पडलेली खोक आणि टोकाशी पडलेली तेवढीच खोक यांचा निकाल वेगळा लागतो, कारण इंजिन फिरताना मुळावर साऱ्या पात्याची ओढ येते. मॅन्युअलच्या आवृत्तीही बदलत राहतात. त्यामुळे पाठ केलेल्या आकड्यापेक्षा ‘चालू आवृत्ती पाहून दोषाची जागा, प्रकार आणि माप यांवरून मर्यादा शोधतात’ हे वाक्य जास्त जाणतेपणाचं आहे. दोष मर्यादेत असला, तरी काही वेळा ठरावीक उड्डाणांनंतर पुन्हा तपासणी सांगितलेली असते. हे ठाऊक असेल, तर एका वाक्यात लिहावं.

विमानाचा नोंदणी क्रमांक, ग्राहक विमान कंपनीचं नाव आणि तपासणीची छायाचित्रं अर्जात किंवा सोबत देऊ नयेत. ती माहिती त्या ग्राहकाची असते. जो उमेदवार ती सहज वाटतो, तो उद्या आपल्या ग्राहकाचीही वाटेल, अशी शंका वाचणाऱ्याला येणारच. इंजिनचा प्रकार, इंटर्नशिपचा काळ आणि तिचं प्रमाणपत्र एवढं पुरेसं आहे.

शेवटी काय मागायचं, तेही स्पष्ट हवं. परवाना नसताना ‘इंजिन निरीक्षक’ या पदासाठी अर्ज करण्यापेक्षा तांत्रिक सेवा, देखभालीचं नियोजन किंवा प्रशिक्षणार्थी अभियंता अशी जागा मागावी. परवान्याच्या परीक्षा द्यायच्या असतील, तर त्यांची सद्यस्थिती खरी लिहावी: कोणते विषय सुटले, कोणते बाकी आहेत. सही कुठे करता येते आणि कुठे नाही, हे ओळखणारा माणूस देखभाल कंपनीला हवा असतो. ही ओळख उमेदवाराला आहे की नाही, हे अर्जाच्या एका पानावरूनही कळतं.