जाहिरातीपेक्षा कमी विद्यावेतन

जाहिरातीत दरमहा १५ ते २० हजार रुपये आणि हाती आलेल्या पत्रात १२ हजार, असा फरक दिसला की आधी त्याचे कारण विचारावे. आकडा कधी अर्धवेळ कामाचा असतो, कधी जुन्या मसुद्यातून तसाच राहिलेला असतो. जाहिरात पुढे बदलू वा काढली जाऊ शकते, म्हणून तिची प्रत आधीच जपून ठेवावी.

विचारणा ईमेलने आणि होकार कळवण्यापूर्वी करावी; होकारानंतर तीच विनंती शब्द फिरवल्यासारखी वाटते. मजकूर एवढा पुरे: "संधीबद्दल आभार. जाहिरातीत किमान १५ हजारांचा उल्लेख होता, पत्रात १२ हजार आहेत. हा फरक कशामुळे आहे, हे कळू शकेल का? १५ हजार शक्य असल्यास मी १ तारखेला रुजू होऊ शकेन." यात आरोप नाही आणि मागणी त्यांच्याच आकड्याला धरून आहे.

विद्यावेतन वाढणार नाही असे उत्तर आले, तर प्रवासभत्ता मागता येतो. अनेक ठिकाणी तो वेगळ्या खर्चात धरतात. बस आणि शेअर रिक्षाचे रोज १३० रुपये धरले, तर २२ दिवसांचे २,८६० होतात, म्हणजे तूट जवळपास भरून निघते. मात्र ही रक्कम ठरावीक मिळणार की बिले दिल्यावर, हे विचारायलाच हवे, कारण शेअर रिक्षाची पावती मिळत नाही. आठवड्यातून दोन दिवस घरून काम हाही पर्याय सुचवता येतो.

सरकारी निधीच्या संशोधन प्रकल्पांत रक्कम बहुधा नियमांनी ठरलेली असते; तिथे मार्गदर्शकाच्या हातात फारसे काही नसते. फोनवर मान्य झालेला आकडा सुधारित पत्रात आल्यावरच होकार कळवावा.