सहा मित्र, एक जग आणि महिन्याचं भाडं

माइनक्राफ्टमध्ये मित्रांनी मिळून घरं बांधायची, खाणी खणायच्या, तर ते जग कोणाच्या तरी संगणकावर चालू असावं लागतं. पहिल्यांदा ते आपल्यातल्याच एकाच्या संगणकावर चालतं. पण त्याने संगणक बंद केला की बाकीच्यांचाही खेळ थांबतो. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी बाहेरचे मित्र थेट आत येऊ शकत नाहीत. सर्व्हर भाड्याने घ्यायची वेळ येते ती इथे.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी : सगळ्यांकडे कोणती आवृत्ती आहे? माइनक्राफ्टच्या जावा आणि बेडरॉक या दोन आवृत्त्या एकमेकींशी थेट जोडल्या जात नाहीत. मोबाइलवर खेळणाऱ्याकडे बेडरॉक असते, त्यामुळे जावाच्या सर्व्हरवर तो थेट येऊ शकत नाही. पुढचं सगळं जावा आवृत्तीबद्दल आहे.

जाहिरातीत ‘२० स्लॉट’, ‘५० स्लॉट’ असे आकडे ठळक छापलेले असतात. स्लॉट म्हणजे एका वेळी किती जण आत येऊ शकतात, ती मर्यादा. पण हा सेटिंगच्या फाइलमधला नुसता एक आकडा आहे. तो वाढवला म्हणून यंत्राची ताकद वाढत नाही. खरे पैसे मोजायचे ते रॅमसाठी आणि प्रोसेसरच्या वेगासाठी. खेळाचं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, म्हणून पुष्कळ मंद कोअरपेक्षा एक वेगवान कोअर उपयोगी. मॉड न टाकता सहा जण खेळणार असतील तर साधारण ४ जीबी रॅम पुरते. मोठे मॉडपॅक टाकले, तर ८ जीबीही कमी पडू शकते.

समजा, ४ जीबीचं भाडं महिना ८०० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून ९४४ रुपये होतात, म्हणजे सहा जणांत प्रत्येकी सुमारे १५७. पहिला महिना सवलतीत मिळत असेल तर दुसऱ्या महिन्याचा दर आधी पाहावा. सर्व्हर कुठल्या शहरात आहे हेही विचारावं. पाच जण पुणे-नाशिकचे आणि एक जर्मनीत असेल, तर मुंबईचाच घ्यावा. युरोपातला स्वस्त मिळाला, तरी पाच जणांना प्रत्येक घाव उशिरा बसल्यासारखा वाटेल.

सर्व्हर सुरू झाला की server.properties ही फाइल उघडायची. त्यातल्या या चार ओळी महत्त्वाच्या :

```
max-players=8
view-distance=6
white-list=true
online-mode=true
```

जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत विभागलेलं असतं. त्यांना चंक म्हणतात. view-distance मुळात १० असतो, म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, असे ४४१ चंक. तो ६ केला की १६९ उरतात. सहा जण सहा दिशांना पांगले की हा फरक लगेच जाणवतो.

white-list चालू असेल तर यादीतलेच आत येतात. नाव घालायला कन्सोलमध्ये `whitelist add` लिहून पुढे मित्राचं खेळातलं नाव टाकायचं. `op` दिलेल्याला मात्र बहुतेक सगळे अधिकार मिळतात, तेव्हा ते एकदोघांपुरतेच ठेवावेत. online-mode बंद केला तर समोरचा खरंच तोच आहे का, हे सर्व्हर तपासत नाही. मग आपल्या मित्राच्या नावाने कोणीही परका घुसू शकतो.

खेळ अडखळायला लागला की दोष कोणाचा, हे ओळखता येतं. सर्व्हरने सेकंदाला २० टिक, म्हणजे २० पावलं टाकायची असतात. ती जमली नाहीत तर कन्सोलमध्ये Can't keep up! असा इशारा उमटतो आणि फोडलेला ठोकळा सगळ्यांनाच परत आलेला दिसतो. एखादा गडी पंख लावून अनोळखी मुलखावरून सुसाट उडत असेल, तर नवे चंक घडवण्यातच सर्व्हरची दमछाक होते. फक्त एकालाच त्रास होत असेल आणि कन्सोल शांत असेल, तर बहुधा त्याचं वायफाय किंवा संगणकच बघायला हवा.

राहिला बॅकअप. world या फोल्डरची प्रत दर आठवड्याला आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी. शक्यतो सर्व्हर थांबवून, नाहीतर प्रत अर्धवट जतन झालेली निघू शकते. नव्या आवृत्तीवर जाण्याआधी तर ती हवीच, कारण नव्या आवृत्तीत उघडलेलं जग जुन्या आवृत्तीत नीट परत नेता येत नाही. भाडं थकलं तर डेटा किती दिवस ठेवणार, हे पहिल्याच दिवशी कंपनीच्या अटींत वाचावं आणि त्या तारखेची जबाबदारी सहांपैकी एकाच्या नावावर टाकून मोकळं व्हावं.