उत्तर जुळलं, पण गणित चुकलं

बारावी-एफवायच्या सरावपत्रिकांत हमखास सापडणारा एक प्रश्न घ्या. कारखान्यातले 10 टक्के बल्ब सदोष निघतात. 10 बल्बच्या खोक्यात जास्तीत जास्त एक सदोष असण्याची संभाव्यता किती?

एक मुलगी बायनॉमियल वापरते. एकही सदोष नसण्याची संभाव्यता 0.9 चा दहावा घात, म्हणजे 0.3487. नेमका एक सदोष असण्याची 10 × 0.1 × 0.9⁹, म्हणजे 0.3874. बेरीज 0.7361. शेजारचा मुलगा सरासरी 10 × 0.1 = 1 काढतो आणि पॉयझनचं सूत्र लावतो. त्याला दोन्ही संभाव्यता 0.3679 मिळतात आणि बेरीज येते 0.7358. मागच्या पानावरच्या उत्तराशी ताडून तो खुशाल ‘बरोबर’ची खूण करतो, कारण दोन दशांश स्थळांपर्यंत दोघांचंही उत्तर 0.74 आहे.

पण हा निव्वळ योगायोग आहे. शून्य सदोषची संभाव्यता पॉयझनने जवळजवळ दोन टक्क्यांनी जास्त दाखवली, एक सदोषची तितकीच कमी, आणि बेरजेत दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या. प्रश्न ‘एकही सदोष नसण्याची संभाव्यता’ असा असता, तर मुलगा लगेच उघडा पडला असता. शिवाय त्याच्या सूत्रानुसार 10 बल्बच्या खोक्यात 11 सदोष निघण्याचीही शक्यता उरते. ती नगण्य आहे खरी, पण असल्या खोक्याला अर्थ नाही.

मग कोणतं सूत्र लावायचं हे ओळखायचं कसं? मुलं ‘ताशी’, ‘सरासरी’ असे शब्द शोधत बसतात. त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: न घडलेल्या गोष्टी मोजता येतात का? खोक्यात 3 बल्ब सदोष असतील, तर 7 चांगले आहेत हे सांगता येतं. प्रयत्नांची संख्या ठरलेली आहे, प्रत्येक वेळची शक्यता सारखी आहे आणि एका बल्बचा दुसऱ्यावर परिणाम नाही. हे बायनॉमियलचं घर.

याउलट उदाहरण आहे लाडिस्लाउस फॉन बोर्टकेविचचं. 1898 साली त्याने प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्यांची आकडेवारी मांडली. 10 सैन्यदळं आणि 20 वर्षं, अशा 200 नोंदींत एकूण 122 मृत्यू. म्हणजे दर नोंदीला सरासरी 0.61. न बसलेल्या लाथा कोण मोजणार? संधी असंख्य, प्रत्येक संधीत धोका अगदी किरकोळ, आणि हाती फक्त सरासरी. इथे पॉयझन.

त्याचा पडताळा पाहण्यासारखा आहे. सरासरी 0.61 धरली की पॉयझनप्रमाणे 200 पैकी सुमारे 109 नोंदींत एकही मृत्यू नको, 66 नोंदींत एक हवा, 20 मध्ये दोन, 4 मध्ये तीन. प्रत्यक्षात आकडे होते 109, 65, 22 आणि 3; चार मृत्यूंची एकच नोंद. पॉयझनमध्ये सरासरी आणि व्हेरिअन्स सारखे असावे लागतात. इथे व्हेरिअन्स येतो 0.608. मृत्यू एकमेकांवर अवलंबून असते, तर हे जमलं नसतं. बस दरीत कोसळली की एकदम कितीतरी माणसं दगावतात. तिथे मृत्यू मोजले तर व्हेरिअन्स सरासरीच्या बराच वर जाईल, म्हणून पॉयझन लावायचंच तर अपघात मोजावेत.

उत्तर काढून झाल्यावरही त्याच्याकडे संशयाने पाहायला हवं. संभाव्यता एकच्या वर गेली तर चूक कुणालाही दिसते. खरा घात करतात ती सभ्य दिसणारी उत्तरं. ‘किमान दोन सदोष’ची संभाव्यता काढताना अनेक जण एकातून फक्त ‘नेमके दोन’ वजा करतात. नेमके दोन सदोष असण्याची संभाव्यता 0.1937, म्हणून उत्तर 0.8063. आकडा शून्य आणि एकच्या मध्ये आहे, सगळं छान दिसतं. पण जर शंभरातल्या ऐंशी खोक्यांत किमान दोन सदोष बल्ब असतील, तर सरासरी किमान 1.6 व्हायला हवी, आणि गणितात ती 1 आहे. उत्तर तिथेच कोसळतं. खरं उत्तर 0.2639, म्हणजे एकातून ‘शून्य’ आणि ‘एक’ दोन्ही वजा करून उरलेलं.

पॉयझनला बायनॉमियलच्या जागी बसवू नयेच असंही नाही. हजार बल्ब आणि हजारात एक सदोष असं असेल, तर शून्याची संभाव्यता बायनॉमियलने 0.3677 आणि पॉयझनने 0.3679 येते. तिथे सोपं सूत्र वापरावं. दहाच्या खोक्याला मात्र ती सवलत नाही, आणि सरावपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांनी 0.74 हा आकडा बघून गुण देण्याआधी वरची एक ओळ जरूर वाचावी.