किडनीच्या रिपोर्टांचा एकच तक्ता

दीर्घकालीन किडनीविकारात रक्ताचा एखादा सुटा रिपोर्ट फारसे काही सांगत नाही. क्रिएटिनिन २.१ आले, तर ते गेल्या वर्षी १.२ होते की २.०, यावर त्या आकड्याचा अर्थ ठरतो. लॅबच्या रिपोर्टात निरोगी माणसाची मर्यादा छापलेली असते आणि तिच्याबाहेरचा आकडा ठळक केलेला असतो. पण या रुग्णाचे क्रिएटिनिन दर वेळी ठळकच येते. त्याची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी व्हायला हवी, आणि ते आकडे फायलीत वेगवेगळ्या कागदांवर पडलेले असतात. म्हणून वर्ष-दीड वर्षाचे सगळे रिपोर्ट एका तक्त्यात उतरवावे लागतात.

तक्ता वहीत आखला तरी चालतो, एक्सेलमध्ये केला तर पुढे आलेख काढता येतो. तारखा उभ्या आणि तपासण्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे नवा रिपोर्ट आला की खाली एक ओळ वाढते. तारीख रक्त दिल्याची लिहायची, रिपोर्ट हाती आल्याची नव्हे; दोन्ही कागदावर छापलेल्या असतात आणि गोंधळ इथेच सुरू होतो. क्रिएटिनिन, ईजीएफआर, युरिया, पोटॅशियम, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस, लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण आणि वजन एवढे रकाने बहुतेकांना पुरतात. जी तपासणी झालीच नाही तिची चौकट कोरी ठेवावी. तिथे शून्य टाकले किंवा मागचा आकडा उतरवला, तर आलेख खोटा होतो. शेवटचा रकाना ‘नोंद’ या नावाचा ठेवावा. तो सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतो आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

आकडे उतरवण्याआधी एकके जुळवून घ्यावी लागतात. समजा, मधुमेहामुळे किडनीविकार झालेले ५८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. जानेवारी २०२४मध्ये त्यांचे क्रिएटिनिन १.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. एप्रिलमध्ये ते मुलाकडे दुबईला असताना तपासणी झाली आणि रिपोर्टात आकडा आला १६८. घरातल्यांची झोप उडावी असा हा आकडा, पण तो मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये आहे. त्याला ८८.४ने भागले की १.९ येतात. युरियाची गंमत तर आपल्याकडच्या दोन लॅबमध्येही घडते. एक लॅब ‘ब्लड युरिया’ देते, दुसरी ‘बीयूएन’ म्हणजे युरियातील फक्त नायट्रोजन. बीयूएन २४ म्हणजे युरिया साधारण ५१, कारण मधला गुणक २.१४ आहे. हे न पाहता दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, तर युरिया निम्म्यावर आल्याचा आनंद फुकटच होतो.

ईजीएफआरची अडचण वेगळी आहे. किडनी मिनिटाला किती रक्तद्रव गाळते याचा हा अंदाज असतो. तो थेट मोजलेला नसतो. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला असतो. सूत्रे एकाहून अधिक आहेत. या गृहस्थांच्या १.९ क्रिएटिनिनवरून जुने एमडीआरडी सूत्र ३७ दाखवते, तर २०२१चे सीकेडी-ईपीआय सूत्र ४०. लॅब बदलली की किडनी बदलल्यासारखी दिसते ती अशी. त्यामुळे छापील ईजीएफआर न उतरवता सगळ्या तारखांसाठी तो एकाच सूत्राने काढणे बरे. एक्सेलमध्ये वय B आणि क्रिएटिनिन C या रकान्यात असेल, तर पहिली ओळ पुरुषांसाठी आणि दुसरी स्त्रियांसाठी अशी सूत्रे लागतात:

```
=142*(C2/0.9)^-1.2*0.9938^B2
=142*1.012*(C2/0.7)^-1.2*0.9938^B2
```

क्रिएटिनिन पुरुषात ०.९च्या आणि स्त्रीत ०.७च्या वर असेल तेव्हाच ती लागू पडतात. किडनीविकारात ते बहुधा वरच असते.

या गृहस्थांचा तक्ता, काही रकाने गाळून, असा दिसतो:

| रक्त दिले | क्रिएटिनिन | ईजीएफआर | पोटॅशियम | नोंद |
|---|---|---|---|---|
| जाने. २०२४ | १.८ | ४३ | ४.६ | |
| एप्रिल २०२४ | १.९ | ४० | ४.७ | दुबई, एकक बदलले |
| सप्टें. २०२४ | २.६ | २८ | ५.४ | चार दिवस जुलाब, वेदनाशामक गोळ्या |
| ऑक्टो. २०२४ | २.० | ३८ | ४.८ | |
| जाने. २०२५ | २.० | ३८ | ५.९ | नमुना हिमोलाइज्ड. दुसऱ्या दिवशी ४.९ |
| जून २०२५ | २.१ | ३६ | ४.९ | |

सप्टेंबरची ओळ नीट पाहण्यासारखी आहे. ४०वरून २८ म्हणजे ३० टक्के घट. ईजीएफआर दोन तपासण्यांत थोडा वर-खाली होतोच. २० टक्क्यांहून मोठा फरक मात्र नेहमीच्या चढउतारात बसत नाही आणि त्याचे कारण शोधावे लागते. इथे कारण नोंदीतच आहे. जुलाबांनी शरीरातले पाणी गेले, त्यातच वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी केला. महिन्याभरात आकडा बराचसा सावरला. आता कोणी एप्रिल आणि सप्टेंबर एवढेच दोन कागद शेजारी ठेवले, तर किडनी कोसळते आहे असे वाटेल. सप्टेंबर आणि जून ठेवले, तर आजार सुधारला असे वाटेल, आणि मधल्या काळात घेतलेल्या एखाद्या काढ्याला त्याचे श्रेय जाईल. दोन्ही निष्कर्ष चूक आहेत. सप्टेंबरची ओळ खोडायची नाही, पण कल ठरवताना ती बाजूला ठेवायची. मग ४३वरून ३६, म्हणजे सतरा महिन्यांत ७ची घट उरते. वर्षाचा हिशेब साधारण ५ येतो. वर्षाला ५हून अधिक घट टिकून राहिली, तर आजार वेगाने वाढतो आहे असे नेफ्रॉलॉजिस्ट मानतात. हे गृहस्थ त्या रेषेवर आहेत, आणि हे एकाही सुट्या रिपोर्टात दिसत नव्हते.

या ५ला फार घट्ट धरून मात्र चालत नाही. क्रिएटिनिन १.८ऐवजी १.९ लिहिले गेले, तरी ईजीएफआर जवळपास ३ने खाली येतो. लॅबने १.८४ असा दोन दशांशांचा आकडा दिला असेल, तर तो तसाच उतरवावा.

जानेवारी २०२५चे पोटॅशियम हे दुसऱ्या प्रकारच्या फसवणुकीचे उदाहरण. रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा फुगतो. रिपोर्टाच्या तळाशी ‘हिमोलाइज्ड’ असा बारीक शेरा असतो, तो नोंदीत यायलाच हवा. पण शेरा आहे म्हणून आकडा सोडून देता येत नाही. पुन्हा रक्त देऊन खात्री करावी लागते. सहाच्या आसपासचे पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते. असा आकडा तक्त्यात भरत बसण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचा असतो.

नोंदीत औषधांतले बदलही हवेत. टेल्मिसार्टन किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखे औषध सुरू झाल्यावर ईजीएफआर सुरुवातीला थोडा उतरतो. ही घट ३० टक्क्यांपर्यंत बहुधा अपेक्षित मानली जाते, कारण ही औषधे किडनीतला दाब कमी करूनच तिला जपतात. औषधाची तारीख तक्त्यात नसली, तर ही उतरण आजाराच्या खात्यावर जमा होते आणि कधी कधी रुग्ण स्वतःच गोळी बंद करून बसतो.

वजनाचा रकाना कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून येते. दीर्घ आजारपणात किंवा खाणे तुटल्याने स्नायू झिजले, तर किडनी तेवढीच असून किंवा बिघडत असूनही क्रिएटिनिन उतरते. तक्त्यात क्रिएटिनिन आणि वजन बरोबरच घसरताना दिसले, तर सुधारणा गृहीत न धरता डॉक्टरांना सिस्टॅटिन-सी या तपासणीबद्दल विचारावे. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. डायलिसिस सुरू झाल्यावर ईजीएफआरचा रकाना निरुपयोगी होतो. त्यानंतर प्रत्येक आकड्यापुढे रक्त डायलिसिसच्या आधी घेतले की नंतर, एवढे लिहावे लागते.