पार्श्वसंगीत भीती कशी घडवतं? ‘जॉज’मधले दोन सूर आणि ‘सैराट’चा आवाज नसलेला शेवट

घरात पेटी असेल तर एक प्रयोग करून बघा. पांढरी एकला सा धरा आणि डावीकडच्या खर्जातले शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम हे दोनच सूर आलटून पालटून वाजवा. या दोन पट्ट्यांच्या मध्ये काळी पट्टी नसते, त्यामुळे सूर अगदी एकमेकांना खेटून असतात. आधी सावकाश वाजवा, मग हळूहळू वेग वाढवा. काहीतरी जवळ येतंय असं वाटायला लागेल.

१९७५ साली आलेल्या ‘जॉज’ या चित्रपटातल्या शार्कचं संगीत मुळात एवढंच आहे. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी पहिल्यांदा पियानोवर हे दोन सूर वाजवून दाखवले, तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना ती थट्टा वाटली आणि ते हसले. पुढे याच संगीताला ऑस्कर मिळालं.

पण दोन सुरांना कुणी का घाबरावं? आणि त्याच चित्रपटात हे सूर वाजत नाहीत तेव्हा आपण जास्त का दचकतो? पार्श्वसंगीत भावना कशी घडवतं, हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून बरंचसं कळतं.

एक धून, एक अर्थ

एखाद्या पात्राशी, जागेशी किंवा कल्पनेशी जोडलेली आणि पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून म्हणजे ‘लाइटमोटिफ’. हा शब्द जर्मन आहे आणि तो मुख्यतः रिचर्ड वाग्नर यांच्या ऑपेरांच्या संदर्भात रूढ झाला. चित्रपटांनी ही पद्धत तिथूनच उचलली.

अशा धूनेला सुरुवातीला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो तिला चित्रपट देतो. ‘जॉज’च्या सुरुवातीलाच कॅमेरा पाण्याखालून पुढे सरकत असतो आणि हे सूर ऐकू येतात. थोड्या वेळाने रात्रीच्या समुद्रात एक तरुणी पोहायला उतरते. कॅमेरा पुन्हा पाण्याखाली जातो, तेच सूर येतात आणि तिच्यावर हल्ला होतो. या सगळ्या प्रसंगात शार्क एकदाही दिसत नाही, पण प्रेक्षकाच्या मनात जोडणी झालेली असते: हे सूर आले म्हणजे तो आला.

ही जोडणी चित्रपटाच्या फारच कामी आली. चित्रीकरणासाठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत असे, त्यामुळे तो पडद्यावर फारसा दाखवता येत नव्हता. मग शार्कची हजेरी लावण्याचं काम संगीतानं केलं. सूर सावकाश असले की तो दूर आहे, वेग वाढला की तो जवळ आला, वाद्यं वाढली की आता हल्ला होणार. न दिसणाऱ्या प्राण्याचं अंतर प्रेक्षक कानानं मोजू लागला.

संगीत खोटं बोलत नाही

यापुढची गोष्ट सहज लक्षात येत नाही. हल्ल्याच्या पुढच्या प्रसंगात समुद्रकिनाऱ्यावर गर्दी आहे. पोलीसप्रमुख ब्रॉडी धास्तावून पाण्याकडे बघत बसला आहे. पाण्यात काळं काहीतरी सरकतं, पण ते निघतं एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी. एक मुलगी किंचाळते, पण तिला मित्रानं गंमत म्हणून उचललेलं असतं. ब्रॉडी प्रत्येक वेळी दचकतो, मात्र पार्श्वसंगीत गप्प असतं. मग कॅमेरा पाण्याखाली जातो, ते दोन सूर सुरू होतात आणि या वेळी खरंच एक लहान मुलगा बळी पडतो.

पुढे सुट्टीच्या दिवशी तुडुंब भरलेल्या किनाऱ्यावर पाण्यातून पंख वर येतो. लोक जीव घेऊन पळतात, धक्काबुक्की होते. इथेही ते सूर नाहीत. थोड्याच वेळात कळतं की दोन पोरांनी पुठ्ठ्याचा पंख लावून चावटपणा केला होता.

म्हणजे चित्रपटानं न बोलता एक नियम पाळला आहे. पात्रं फसतील, डोळे फसतील, पण संगीत फसवणार नाही. नियम कुणी समजावून सांगत नाही, तरी दोन-तीन प्रसंगांत कानाला त्याची सवय होते. सूर नाहीत म्हणजे शार्क नाही, असं गृहीत धरून आपण निवांत होतो.

आणि मग नियम मोडतो

चित्रपटाला सुमारे ८० मिनिटं झालेली असतात. ब्रॉडी आता बोटीवर आहे आणि शार्कला आमिष म्हणून माशांचं रक्तमांस समुद्रात टाकतो आहे. काम घाणेरडं, त्यामुळे तो कुरकुरतो आहे. तोंडात सिगारेट, पाण्याकडे नीट लक्षही नाही. प्रसंग जवळजवळ विनोदी आहे. संगीत अजिबात नाही.

तेवढ्यात त्याच्या मागच्या पाण्यातून शार्कचं अवाढव्य डोकं वर येतं.

संगीतानं सूचना दिलेली नसते, म्हणूनच हा धक्का इतका जोरात बसतो. चित्रपटगृहात लोक इथे किंचाळले ते मोठ्या आवाजामुळे नव्हे. विसंबण्याजोगी वाटणारी एकमेव गोष्ट ऐन वेळी गप्प राहिली, म्हणून. हाच प्रसंग चित्रपटाच्या दहाव्या मिनिटाला आला असता, तर शांतता नुसती शांतता राहिली असती. तोपर्यंत सुरांचा अर्थच पक्का झाला नव्हता, त्यामुळे सूर नसण्यालाही अर्थ नव्हता.

हे ठरवतं कोण?

चित्रपटाचं संकलन बऱ्यापैकी पूर्ण झालं की दिग्दर्शक आणि संगीतकार, बहुधा संकलकासह, तो एकत्र बसून बघतात. या बैठकीला ‘स्पॉटिंग’ म्हणतात. संगीत कोणत्या क्षणी सुरू होईल आणि कोणत्या क्षणी थांबेल, हे तिथे ठरतं. सुरू होण्यापासून थांबण्यापर्यंतच्या अशा प्रत्येक तुकड्याला ‘क्यू’ म्हणतात. धून कशी असेल हा प्रश्न त्यानंतरचा.

किनाऱ्यावरच्या प्रसंगात क्यू थोडा आधी, म्हणजे ब्रॉडी पहिल्यांदा दचकतो तिथे सुरू केला असता, तर काय झालं असतं? प्रसंग तेव्हाही भीतीदायक वाटला असता, पण टोपी निघाल्यावर संगीत खोटं ठरलं असतं. पुढे बोटीवर मोडायला नियमच उरला नसता. एका क्यूची जागा काही सेकंदांनी चुकली, तर त्याची किंमत तासाभरानंतरच्या प्रसंगाला मोजावी लागते, ती अशी.

आपल्याकडच्या अनेक दैनंदिन मालिकांमध्ये हेच बिघडतं. सासूनं वळून पाहिलं तरी दणका, दुधाचं पातेलं सांडलं तरी तोच दणका. धून पुन्हा पुन्हा येते, पण ती कशाशीच बांधलेली नसते. आठवडाभरात कान तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मग खरोखर गंभीर प्रसंग आला, की आवाज आणखी वाढवण्याशिवाय मार्ग राहत नाही.

शांतताही दोन प्रकारची

बोटीवरच्या प्रसंगात संगीत नव्हतं, पण आवाज होते. लाटा, बोट, ब्रॉडीची कुरकुर. चित्रपटात शांतता म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच असते. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो: पंख्याची घरघर, दूरची रहदारी. ध्वनिमुद्रक तो मुद्दाम टिपून ठेवतात, त्याला ‘रूम टोन’ म्हणतात. संवादांच्या मधल्या जागा त्यानं भरल्या जातात. त्या तशाच कोऱ्या ठेवल्या, तर चित्रपटगृहातले स्पीकर बंद पडले की काय असं वाटतं.

म्हणून आवाज पूर्ण बंद करणं ही मोठी जोखीम असते. नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी ती घेतली. (ज्यांनी चित्रपट अजून पाहिला नाही, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

‘सैराट’चा पहिला भाग अजय-अतुल यांच्या संगीतानं ओसंडून वाहतो. त्यासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण झालं होतं. पण चारही गाणी या पहिल्या भागातच संपतात. आर्ची आणि परशा पळून हैदराबादला गेल्यावर गाणं नाही. झोपडपट्टी, काम, भांडणं आणि हळूहळू उभा राहणारा संसार. शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात. शेजारीण आर्चीच्या छोट्या मुलाला बाहेर घेऊन गेलेली असते. मूल परत येतं, आईबापांचे मृतदेह बघतं आणि रडू लागतं. त्याचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. करुण व्हायोलिन नाही, रस्त्याचा आवाज नाही, रूम टोनही नाही. रक्तानं माखलेली इवली पावलं उमटवत ते बाहेर चालत जातं.

इथे हळवं संगीत असतं, तर प्रेक्षकाला त्यासोबत रडून मोकळं होता आलं असतं. शांततेनं ती सोय काढून घेतली. ज्या चित्रपटानं सुरुवातीला थिएटरात लोकांना नाचवलं, त्याच चित्रपटात आता शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता.

‘जॉज’ आणि ‘सैराट’ यांच्यातला फरक इथेच आहे. ‘जॉज’मधली शांतता धोका लपवते. ‘सैराट’मध्ये धोका होऊन गेलेला असतो आणि शांतता प्रेक्षकाला सुटू देत नाही. दोन्ही ठिकाणी तयारी मात्र आधीच्या संगीतानं करून ठेवलेली आहे.

घरी बघताना

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर नीट पोहोचत नाही. ‘जॉज’चे सूर ज्या वाद्यांवर येतात, त्यांतल्या डबल बासच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. मोबाइलचा स्पीकर इतका खालचा सूर जवळजवळ वाजवूच शकत नाही, आपल्याला फक्त त्याचे वरचे पडसाद ऐकू येतात. ‘सैराट’च्या शेवटाची अडचण वेगळी आहे. घरात कुकरची शिट्टी होते आणि ती शांतता भरून टाकते. दोन्हींसाठी हेडफोन बरा.

एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा बघताना संगीत कुठे सुरू होतं हे कळतंच. ते कुठे थांबतं, हे टिपून ठेवा. त्या जागी कागदावर वेळ लिहा आणि मागे जाऊन बघा, की तीच धून याआधी कोणकोणत्या प्रसंगांत येऊन गेली होती. बोटीवर ब्रॉडीच्या मागे शार्क वर आला तेव्हा आपण का दचकलो, याचं उत्तर त्या आधीच्या नोंदींमध्ये सापडेल.